‘निघालंय’च्या पुढची जागा

‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे नाव आपल्या कानांवर इतक्या वेळा पडलंय, की त्याच्या रचनेत काही वेगळं आहे हे आता जाणवत नाही. पण शाळेतल्या मराठीच्या बाईंकडे हे वाक्य नेलं असतं, तर त्यांनी लाल पेनाने खूण करून ते दुरुस्त केलं असतं : वऱ्हाड लंडनला निघाले आहे. कर्ता, मग ठिकाण, शेवटी क्रियापद. दुरुस्ती व्याकरणाला धरूनच आहे, माहिती तीच आहे, एकही महत्त्वाचा शब्द गाळलेला नाही. फक्त गंमत गेली.

ती नेमकी कुठे गेली, याचा शोध या लेखात घ्यायचा आहे. विनोदी एकपात्री करणाऱ्याला दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात : धक्का देणारा शब्द शेवटी ठेव आणि त्याच्या जरा आधी थांब. सल्ला खराच आहे. पण तो बहुतेक इंग्रजी स्टँडअपच्या व्हिडिओंमधून आपल्याकडे येतो, आणि इंग्रजीत त्यातला पहिला अर्धा भाग जवळजवळ फुकटात मिळतो. इंग्रजी वाक्यात क्रियापद मध्येच येऊन जातं आणि कर्म किंवा ठिकाण आपोआप शेवटी पडतं. मराठीत शेवटच्या खुर्चीवर क्रियापद आधीच बसलेलं असतं. त्याला तिथून उठवल्याशिवाय धक्क्याच्या शब्दाला जागा मिळत नाही, आणि जागा नसेल तर आधीचा पॉज कितीही सुंदर घेतला तरी तो वाया जातो. मराठी पंचलाइनमधलं खरं काम थांबण्याच्या आधी, वाक्य जुळवताना होतं, असं माझं म्हणणं आहे. त्याचा सर्वांत चांगला पुरावा आपल्याच शहरात तयार झालेला आहे.

शहरातला पुरावा

प्रा. डॉ. लक्ष्मण देशपांडे इथल्या विद्यापीठात, म्हणजे तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठात, नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा त्यांचा एकपात्री प्रयोग. जवळपास तीन तास, रंगमंचावर एकटा माणूस, आणि त्याच्या अंगातून एकामागून एक बाहेर पडणारी ५२ पात्रं. प्रयोगाची नोंद गिनीज बुकात झाली. देशपांडे २००९ मध्ये गेले. पुढे संदीप पाठक यांनी हा एकपात्री प्रयोग पुन्हा उभा केला, म्हणून माझ्या वयाच्या लोकांना तो नाट्यगृहात बसून पाहता येतो. कथा एका ओळीची आहे : मराठवाड्यातल्या खेड्यातली माणसं लग्नासाठी विमानाने लंडनला जातात.

आता पुन्हा नावाकडे येऊ आणि ते एक एक शब्द ऐकू.

‘वऱ्हाड’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर टेम्पो येतो, एसटी येते, जुन्या लोकांच्या डोळ्यांसमोर बैलगाडी येते. ‘निघालंय’ म्हटल्यावर ते चित्र हलायला लागतं. आणि याच क्षणी ऐकणाऱ्याच्या डोक्यात एक उत्तर तयार होतं. तो मनात प्रश्न विचारत नाही, पण उत्तर मात्र त्याच्याकडे असतं : पैठणला, जालन्याला, परभणीला, फार तर पुण्याला. वऱ्हाडं अशाच ठिकाणी जातात. मग शब्द येतो, ‘लंडनला’.

शेवटचा शब्द बदलून बघा. ‘वऱ्हाड निघालंय पैठणला’ ही बातमी आहे. ‘वऱ्हाड निघालंय मुंबईला’ यावर ओठांचा कोपरा थोडा हलेल. ‘लंडनला’वर हसू फुटतं, कारण पहिल्या दोन शब्दांनी जे जग उभं केलं त्यात हा शब्द बसत नाही, आणि तरीही तो बरोबर त्याच खाचेत येऊन बसतो. पैठण आणि लंडन, दोन्ही ठिकाणं. दोन्हींना ‘ला’ लागतो. व्याकरण दोघांना सारखंच आत घेतं. गडबड होते ती फक्त अर्थाच्या पातळीवर.

आता दुरुस्त केलेलं वाक्य मोठ्याने म्हणा : वऱ्हाड लंडनला निघाले आहे. ‘लंडनला’ दुसऱ्याच शब्दावर येतं. तेव्हा ऐकणाऱ्याकडे स्वतःचं उत्तर तयार नसतं, कारण वऱ्हाड काय करतंय हेच त्याला अजून कळलेलं नाही. वऱ्हाड लंडनला पोचलंय, की लंडनला राहतंय? त्यामुळे चुकीचा अंदाज मोडण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय ‘लंडनला’ झाल्यावर नि-घा-ले-आ-हे अशी पाच अक्षरं शिल्लक राहतात. ज्याला हसायचं असेल त्याला या पाच अक्षरांसाठी थांबावं लागतं. वाक्य संपलेलं नसताना मोठ्याने हसायला माणूस कचरतो, आणि वाक्य संपेपर्यंत उमाळा ओसरलेला असतो.

‘निघाले आहे’चं ‘निघालंय’ होणं हेही मला महत्त्वाचं वाटतं. पाच अक्षरांचा शब्दसमूह चारवर आला. क्रियापद जागेवरून उठलं आणि उठताना आखडूनही बसलं.

हे देशपांड्यांनी शोधून काढलेलं तंत्र आहे असं मला म्हणायचं नाही. आपण सगळेच असं बोलतो. ‘जाऊन आलो पैठणला.’ ‘खाल्ली का भाकर तू?’ ‘कुठं चालला रे सकाळी सकाळी?’ बोलीत क्रियापद सहज मध्ये येतं आणि राहिलेला शब्द मागून येऊन बसतो. ही सोय मराठवाड्यात आहे तशी पुण्यातही आहे. फरक इतकाच की लिहिताना आपण ती झाकतो. देशपांड्यांनी मंचावर मराठवाड्याची बोली तिच्या मूळ ठेक्यासह ठेवली, तेव्हा फक्त ‘गावरान वास’ आला असं नाही. विनोदाला लागणारी शेवटची जागाही त्या बोलीतून मोकळी मिळाली. म्हणून कुणी एकपात्रीची संहिता ‘शुद्ध’ करून देतो म्हटलं, की मला काळजी वाटते. शब्द गावचेच राहतील, पण क्रियापदं परत शेवटी जाऊन बसतील.

काकू आणि पाणी

दुसऱ्याच्या संहितेतली वाक्यं उचलून दाखवण्यापेक्षा आपलंच एक वाक्य घेऊन बघू. संभाजीनगरात नळाला पाणी रोज येत नाही, कित्येक दिवसांनी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घर सोडता येत नाही. ही वस्तुस्थिती. त्यावर एक काल्पनिक काकू उभी करू. तिच्या सख्ख्या भावाच्या मुलीचं लग्न आहे, आणि ती गेली नाही.

पहिला खर्डा असा होतो :

काकू सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेली नाही, कारण त्या दिवशी घरी पाणी येणार होतं.

मुद्दा कळतो. कुणी हसणार नाही. ‘कारण’ हा शब्द आधीच हात वर करून सांगतो की आता कारण येतंय. आणि ‘पाणी’ ‘घरी’ व ‘येणार होतं’ यांच्यामध्ये चेंगरलंय.

दुसरा खर्डा :

काकूच्या सख्ख्या भाचीचं लग्न. काकू गेली नाही. भांडण नव्हतं. तब्येत ठीक होती. त्या दिवशी घरी येणार होतं… पाणी.

इथे ‘कारण’ गेलं. त्याच्या जागी दोन नकार आले, आणि ते दोन नकार ऐकणाऱ्याला स्वतः कारण शोधायला लावतात. क्रियापद पुढे आलं, ‘पाणी’ शेवटी गेलं. आता सुधारलं, पण अजून एक अडचण आहे. पॉजमध्ये ऐकणाऱ्याने अंदाज बांधायचा आहे, पण कशाचा? ‘येणार होतं’ म्हणजे नपुंसकलिंग. पाहुणे असते तर ‘येणार होते’, बाई असती तर ‘येणार होती’. मराठी क्रियापद येणाऱ्याचं लिंग आधीच फोडून टाकतं. इंग्रजी विनोदवाल्याला हा त्रास नाही. आपल्या ऐकणाऱ्याने पाहुण्यांचा अंदाज बांधलेला असेल, तर ‘होतं’ ऐकताच तो अंदाज मोडतो, आणि त्या मोकळ्या जागेत त्याला पाणी आपोआप दिसतं. इथे या शहरात तर नक्कीच दिसतं.

मग उपाय काय? आमिष बदलायचं. नपुंसकलिंगी आणि घरी येऊ शकणारं असं दुसरं काहीतरी हवं, आणि ते पाण्यापेक्षा जास्त संभाव्य वाटायला हवं. मराठी घरात अशी एक गोष्ट आहे : स्थळ. आता तिसरा खर्डा :

आमच्या काकूची पोरगी एमएस्सी झाली, घरात तिच्या लग्नाचं चाललंय. त्यात काकूच्या सख्ख्या भाचीचं लग्न आलं. काकू गेली नाही. भांडण नव्हतं. तब्येत ठीक होती. त्या दिवशी घरी येणार होतं… पाणी.

‘येणार होतं’ पाशी पोचेपर्यंत अर्ध्या लोकांच्या मनात ‘स्थळ’ येऊन बसलेलं असतं. लिंग जुळतं, प्रसंग जुळतो, काकूचं न जाणंही पटतं. आणि मग ‘पाणी’ त्याच जागेवर येतं. लंडन जसं पैठणच्या खाचेत बसलं, तसंच. म्हणजे शेवटच्या शब्दाआधीच्या सगळ्या मजकुराचं काम एकच आहे : ऐकणाऱ्याच्या तोंडात दुसरा एक ठरावीक शब्द ठेवणं. ‘काहीही असू शकेल’ अशा धूसर अपेक्षेवर धक्का बसत नाही.

शेवटचा शब्द कोणत्या रूपात ठेवायचा, हेही बघावं लागतं. ‘…पाण्यामुळे’ असं केलं तर शब्दाचं रूप बदलतं आणि मागे शेपूट लागतं. ‘लंडनला’मधला ‘ला’ चालून जातो, कारण तो एकच अक्षर आहे आणि त्याच्या आधीच ‘लंडन’ कळलेलं असतं. जितकं शेपूट लहान तितकं बरं.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो मराठीच्या बाजूचा आहे. धक्का क्रियापदातच असेल, तर काहीच हलवायला नको. ‘दादानं इंजिनिअरिंग चार वर्षांत… सोडलं.’ सगळे ‘केलं’ म्हणून बसलेले असतात. ‘केलं’ आणि ‘सोडलं’ दोन्ही सारख्या साच्याचे, त्यामुळे आधी काही फुटत नाही. इंग्रजीत हेच वाक्य जुळवायला खटपट करावी लागेल. आपल्याकडे ते नुसतं बोललं तरी जमतं. मराठीत नकारही असाच शेवटी येतो. म्हणून वाक्य लिहिताना आधी विचारावं : आपला धक्का नामात आहे की क्रियापदात? नामात असेल तर क्रियापद उठवा. क्रियापदात असेल तर कशाला हात लावू नका.

किती थांबायचं

आता पॉज. इथे एक खोचक गोष्ट आधी सांगतो. साल्वातोरे अतार्दो आणि लूसी पिकरिंग या भाषाभ्यासकांनी विनोद सांगणाऱ्या लोकांचं बोलणं रेकॉर्ड करून मोजलं, आणि २०११ मध्ये त्यावर लेख लिहिला. पंचलाइनच्या आधी लोक ठळक थांबतात, असं त्यांना आढळलं नाही. पंचलाइन मोठ्या आवाजातही येत नव्हती. ‘पॉज घे’ हा सल्ला देणाऱ्यांना हे अवघड वाटेल. पण ती माणसं एकमेकांना विनोद सांगत होती, रंगमंचावरचे कलाकार नव्हती; आणि इंग्रजीत, जिथे शब्दक्रम आधीच मदत करतो. मी त्यातून इतकंच घेतो : पॉज नसतानाही विनोद होतो. म्हणजे विनोद पॉजमुळे होत नाही. आधीच्या वाक्याने ऐकणाऱ्याला कामाला लावलेलं असेल, तर पॉज त्याला ते काम पुरं करायला वेळ देतो. कामच दिलेलं नसेल, तर तो नुसता थांबलेला माणूस असतो.

किती वेळ? २००९ मध्ये दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास झाला. त्यात मराठी नव्हती, पण आपल्यासारखंच क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या जपानी आणि कोरियन होत्या. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत जी फट पडते, ती सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास निघाली. म्हणजे तेवढी शांतता आपल्या कानाला शांतता वाटतच नाही; ते रोजचं बोलणं आहे. पॉज ऐकू यायचा असेल तर तो याहून स्पष्ट मोठा हवा. माझ्या कानाला छोट्या खोलीत अर्धा ते पाऊण सेकंद पुरतो. नाट्यगृहात थोडा जास्त लागतो, कारण शेवटच्या रांगेपर्यंत आधीचं वाक्य नीट पोचून कळायला हवं.

पण घड्याळापेक्षा महत्त्वाची आहे ती शर्यत. पॉजमध्ये ऐकणारा आधी पहिल्या उत्तरापाशी पोचतो, ‘स्थळ’. त्याला आणखी वेळ दिला की तो त्या उत्तरावर शंका घेतो आणि दुसरं शोधतो. तुम्हाला या दोन क्षणांच्या मधोमध शब्द टाकायचा आहे. हे अंतर प्रेक्षकांवर ठरतं. काकूचं वाक्य एकनाथ रंगमंदिरात म्हटलं तर पॉज छोटा हवा, कारण समोरच्या प्रत्येकाच्या घरी पाण्याचा वार ठरलेला आहे आणि ‘घरी येणार होतं’ म्हटल्यावर ‘पाणी’ त्यांच्यापासून फार लांब नाही. हेच पुण्यात म्हटलं तर जास्त थांबता येईल. पण तिथे हसू जरा कमी खोल असेल, कारण ‘पाणी’ ऐकल्यावर काकू खरंच का गेली नाही हे त्यांना समजून घ्यावं लागेल. इथल्या माणसाला ते माहीत असतं.

थांबताना आवाजाचं काय होतं, हेही तितकंच निर्णायक आहे. ‘येणार होतं’वर सूर खाली आला, तर कानाला वाक्य संपल्यासारखं वाटतं. मराठीत कर्ता गाळूनही वाक्य पूर्ण होतं, त्यामुळे ‘काहीतरी येणार होतं म्हणे’ असं समजून माणूस पुढच्या वाक्याची वाट बघायला लागतो, आणि ‘पाणी’ एकटं, अनाथ शब्द म्हणून ऐकू येतं. सूर सपाट धरून ठेवला, जणू शब्द जिभेवर आहे, तर खाच उघडी राहते.

एकाच अंगात दोन माणसं

एकपात्रीत आणखी एक गुंता आहे, जो स्टँडअपमध्ये फारसा येत नाही. ५२ पात्रं करणारा माणूस सारखा एका माणसातून दुसऱ्यात जातो, आणि जाताना तो थांबतो. मान वळते, खांदा पडतो, आवाज बदलतो. म्हणजे पॉजला इथे आधीच एक नोकरी आहे : बोलणारा बदलला हे सांगण्याची. मग पंचलाइनच्या आधीचा पॉज वेगळा कसा ओळखू यायचा?

काकूच्याच गोष्टीत पुढे भावाचा फोन येतो.

‘अक्का, घरचं कार्य होतं, का नाही आलीस?’
‘तू तारीख काढताना एकदा तरी विचारलंस का… महापालिकेला?’

इथे आमिष ‘मला’ आहे. रुसलेली बहीण हेच विचारणार, असं सगळ्यांना वाटतं. पण भावाचं वाक्य संपल्यावर मान वळवायला तुम्ही पाऊण सेकंद घेतला आणि ‘महापालिकेला’च्या आधीही पाऊण सेकंद घेतला, तर दोन्ही सारखे वाटतात. प्रेक्षक दुसऱ्या पॉजला समजतो की पुन्हा पात्र बदलतंय, आणि ‘महापालिकेला’ हे भावाचं उत्तर आहे की काय असा घोळ होतो. म्हणून पात्र बदलताना थांबायचं नाही. बदल आवाजाने आणि मानेने, बोलता बोलता करायचा. शांतता शिल्लक ठेवायची ती एकाच जागेसाठी. चांगल्या एकपात्री कलाकाराची पात्रं ‘झटक्यात’ बदलतात याचं आपण कौतुक करतो ते चपळाईचं. माझ्या मते त्या चपळाईचा खरा फायदा हा आहे की पॉज महाग राहतो.

याच कारणासाठी ‘असं काकू म्हणाली’ हे शेपूट मंचावर कधीही नको. लिहिलेल्या मराठीत आपण ते सर्रास लावतो. मंचावर मान वळली म्हणजे ‘म्हणाली’ झालंच.

पॉज लपवताही येतो. काकू फोन खांद्याने कानाशी दाबते, नळाखालची बादली बाजूला ओढते, दुसरी लावते, आणि मग म्हणते, ‘महापालिकेला’. शांतता तेवढीच, पण ती बादलीची झाली. प्रेक्षकाला सापळा लावलाय हे दिसत नाही. उघडा पॉज पुन्हा पुन्हा घेतला, तर दहाव्या मिनिटाला लोकांना सवय होते : हा थांबला म्हणजे आता काहीतरी येणार. तीन तासांच्या प्रयोगात तर हे फारच जपावं लागत असणार.

कुठे बिघडलं हे कसं कळतं

प्रेक्षकांचं हसू ऐकून बिघाड बराचसा ओळखता येतो. हसू पॉजमध्येच आलं, तर शब्द आधी फुटलाय. आधी क्रियापदाचं लिंग तपासा, मग पॉज कमी करा. शब्दानंतर एक क्षण रिकामा गेला आणि मग हसू आलं, तर शब्द नीट ऐकू आला नाही किंवा त्याचा संबंध जोडायला वेळ लागला. हसू इथे थोडं, तिथे थोडं असं विखरून आलं, तर बहुतेक तुम्ही शब्दानंतर बोलत राहिलात. ‘पाणी… पाणी येणार होतं ना!’ हे वाक्य मी अनेक ओपन माइकमध्ये वेगवेगळ्या रूपात ऐकलंय. कलाकाराला शांततेची भीती वाटते आणि तो उठवलेलं क्रियापद स्वतःच्या हाताने परत खुर्चीवर बसवतो.

फोनवर मात्र एक वेगळाच बिघाड होतो, आणि तो कलाकाराच्या हातचा नसतो. रीलवर खाली सबटायटल येतं. बहुतेक वेळा पूर्ण वाक्य एकदम उमटतं : ‘त्या दिवशी घरी येणार होतं पाणी’. कलाकार पॉज घेतोय आणि आपले डोळे ‘पाणी’ वाचून मोकळे झालेत. एडिट करणारा घाईत असेल तर शांतता कापणारं टूल चालवतो. `Truncate Silence` सारख्या इफेक्टला श्वास घेण्याची जागा आणि पंचलाइनची जागा यातला फरक कळत नाही. त्याला दोन्हीकडे फक्त कमी आवाज दिसतो. आणि राहिलेलं आपण करतो, १.५ पट वेगाने ऐकून. पाऊण सेकंदाचा पॉज अर्ध्या सेकंदावर येतो. स्वतःचे व्हिडिओ टाकणाऱ्यांनी एवढं तरी करावं : शेवटचा शब्द वेगळ्या सबटायटलमध्ये ठेवावा, आणि तो आवाजाबरोबरच उमटेल असं बघावं.

सगळ्यांना माहीत असलेला शेवट

आता माझ्याच सिद्धांताला अडचणीत आणणारी गोष्ट. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ने आपला सर्वांत मोठा धक्का तिकिटावरच छापला. पडदा उघडण्याआधी सगळ्यांना माहीत असतं की वऱ्हाड कुठे जाणार. शिवाय हा प्रयोग पुन्हा पुन्हा बघणारी, वाक्यं पाठ असलेली माणसं प्रत्येक घरात आहेत. मराठवाड्यात लग्नाच्या गर्दीत त्यातलं एखादं वाक्य कुणीतरी म्हणतंच. धक्का संपलाय, तरी लोक हसतात. का?

मला वाटतं, पाठ झालेल्या वाक्यात पॉजचं काम उलटं होतं. पहिल्यांदा ऐकताना पॉजमध्ये ऐकणारा चुकीच्या शब्दापाशी असतो. दहाव्यांदा ऐकताना तो बरोबर शब्दापाशी आधीच जाऊन उभा असतो, आणि कलाकार येण्याची वाट बघतो. तेव्हा हसू पॉजमध्येच फुटतं आणि तो बिघाड नसतो. पण त्यासाठीही तीच रचना लागते. पाठ झालेला शब्द वाक्याच्या मध्ये असता, तर त्याची वाट कुठे उभं राहून बघणार? वाट बघायला वाक्याच्या शेवटी रिकामी जागा लागते, आणि ती जागा कुणीतरी क्रियापद उचलून आधीच मोकळी करून ठेवलेली असावी लागते.

म्हणून पुढच्या वेळी वऱ्हाडचा प्रयोग बघाल तेव्हा, किंवा यूट्यूबवर त्याचं जुनं रेकॉर्डिंग ऐकाल तेव्हा, हशा पिकतो त्या वाक्यांची क्रियापदं कुठे बसलीत ते ऐका. वेग मात्र एक पटच ठेवा.